प्राण्यांवर जीव असलेल्या लाजाळू मुलासाठी शाळेच्या ग्रंथपालांना चिठ्ठी: पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. पहिली ते दहावी एकाच आवारात असलेली मराठी शाळा आहे. दर वर्षी जूनपासून दिवाळीपर्यंत पालकांच्या चिठ्ठ्या येतात आणि त्यात एक मागणी हमखास असते: "मुलगा कुणाशी बोलत नाही, पण प्राण्यांचं फार वेड आहे, काही पुस्तकं द्या." अशी चिठ्ठी कशी लिहावी, हे पालक फोनवर, फाटकात, पालकसभेत विचारत राहतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

१. यासाठी चिठ्ठी कशाला? मुलगा स्वतःच ग्रंथालयात जाऊन मागेल ना?

बोलकं मूल मागतं. लाजाळू मूल मागत नाही, आणि त्यातून त्याचं नुकसान कसं होतं हे माझ्या टेबलावरून स्पष्ट दिसतं. ग्रंथालयाचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो आणि वर्गात पन्नास मुलं असतात. धीट मुलं कपाटापाशी आधी पोचतात. लाजाळू मूल गर्दी ओसरेपर्यंत मागे थांबतं, उरलेल्यातलं हाताला येईल ते उचलतं आणि नाव लिहून घेऊन जागेवर जाऊन बसतं. त्याला कुत्र्यांचं पुस्तक हवं होतं आणि हातात थोर पुरुषाचं चरित्र आलं, हे मला कळायचा मार्गच नसतो.

तुमची चिठ्ठी त्याच्या वतीने ती मागणी माझ्यापर्यंत आणते. तोंडी सांगितलंत तरी चालतं. पण फाटकात घाईने सांगितलेलं संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात राहत नाही. कागद मात्र देवघेवीच्या वहीत चिकटवून ठेवता येतो, आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणी या जागेवर आलं तर त्यांनाही वाचता येतो.

२. चिठ्ठीत नेमकं काय लिहायचं?

एक प्रसंगच सांगते, म्हणजे नीट कळेल. चौथीतल्या एका मुलीच्या आईने मला दोन ओळी लिहिल्या होत्या: "मुलगी लाजाळू आहे. तिला प्राणी आवडतात. चांगली पुस्तकं द्यावीत." मी माझ्या समजुतीने प्राण्यांच्या बोधकथांची तीन पुस्तकं काढून दिली. कोल्हा, सिंह, मगर, माकड सगळे होते त्यात. दोन दिवसांनी तिन्ही परत आली. पानं न उलटलेलं पुस्तक हातात घेतलं की कळतं, ती तशीच होती.

मग मी आईला निरोप पाठवला: "तिला प्राणी आवडतात म्हणजे ती नेमकं काय करते, ते लिहा." दुसरी चिठ्ठी पानभर आली. मुलगी रोज संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बसून भिंतीवरची पाल बघते. पालीने किती पतंग पकडले, याच्या रेघा गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मारते. मांजराने एकदा पालीवर झडप घातली तेव्हा तुटलेली शेपटी वळवळताना तिने पाहिली आणि तेव्हापासून तिचे प्रश्न थांबेनात. प्राण्यांना कपडे घालून माणसासारखं बोलायला लावलं की ती पुस्तक मिटते, "हे खोटं आहे" म्हणते. आणि सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं तर ती पुस्तक घेतच नाही.

ही चिठ्ठी वाचली आणि माझी चूक मला कळली. तिला गोष्ट नकोच होती, माहिती हवी होती. सरपटणाऱ्या प्राण्यांवरचं एक पातळसं माहितीपर पुस्तक होतं, त्यात पालीवर चार पानं होती. ते मी तिच्या बाकावर ठेवलं, आत पालीच्या पानावर खूण म्हणून कोरी चिठ्ठी घातली. आठवड्याने पुस्तक परत आलं तेव्हा त्या चिठ्ठीवर पेन्सिलने शेपटीचं चित्र होतं आणि खाली प्रश्न: "नवीन शेपटी येते तिच्यात हाडं असतात का?" उत्तर मलाही माहीत नव्हतं. शोधलं. नव्या शेपटीत मणके तयार होत नाहीत, त्यांच्या जागी कूर्चेची नळी असते. आपल्या कानाच्या पाळीवरचा भाग वाकतो ना, ती कूर्चा. मी चिठ्ठीवर तसं लिहून पाठवलं. त्या वर्षी ती माझ्याशी तोंडाने चार-पाच वाक्यं बोलली असेल, पण चिठ्ठ्या एकोणतीस झाल्या.

म्हणून चिठ्ठीत या गोष्टी येऊ द्या: कोणता प्राणी, मूल त्याच्यासाठी काय करतं, अलीकडे कोणतं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि कोणतं अर्ध्यात टाकलं, आणि पुस्तक त्याच्या हाती कसं पोचलेलं त्याला चालेल. अर्ध्यात टाकलेल्या पुस्तकाचं नाव आवडलेल्यापेक्षाही जास्त उपयोगी पडतं.

३. एखादा नमुना द्याल का?

देते, पण उतरवून काढू नका. मुलाचा प्राणी आणि मुलाच्या सवयी बदलल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

> दिनांक: ………
>
> आदरणीय ग्रंथपाल मॅडम यांस,
> सप्रेम नमस्कार.
>
> माझा मुलगा ……… आपल्या शाळेत इयत्ता तिसरी ‘ब’मध्ये आहे. त्याला गाईगुरांची फार ओढ आहे. आजोळी गेला की दिवसभर गोठ्यात असतो. कोणत्या म्हशीने किती दूध दिलं, वासरू कधी उभं राहिलं, हे त्याला तोंडपाठ असतं. वाघ-सिंहांची पुस्तकं आणून पाहिली, त्यात त्याचं मन रमलं नाही.
>
> मराठी तो सावकाश पण नीट वाचतो. पानावर आठ-दहा ओळी आणि मोठी चित्रं असली की पुस्तक पुरं करतो. गोष्ट असो वा माहिती, दोन्ही चालेल. गेल्या वर्षी आमची गाय गेली, त्यामुळे गुराच्या मरणाची गोष्ट सध्या नको.
>
> वर्गासमोर त्याला विचारलं तर तो गप्प होतो. पुस्तक वहीसोबत दिलं किंवा बाकावर ठेवलं तर आवडीने घेतो. वाचून झालं की कसं वाटलं ते घरी आम्हाला सांगतो. आपल्याला हवं असल्यास मी लिहून कळवीन.
>
> आपल्या सवडीने एखादं पुस्तक काढून ठेवावं ही विनंती. घाई नाही.
>
> आपली,
> ………

एवढं पुरे. ‘विषय’ आणि ‘महोदय’ घालून अर्जासारखं लिहिलंत तरी चूक नाही. फक्त अर्जाची भाषा सुरू झाली की पालक हमखास "योग्य ती पुस्तके उपलब्ध करून द्यावीत" असं लिहितात आणि गोठा, म्हैस, वासरू गळून जातं.

४. मूल लाजाळू आहे हे लिहावं का? त्याच्यावर शिक्का तर बसणार नाही?

‘लाजाळू’ हा शब्द लिहिला नाहीत तरी चालेल. त्याऐवजी काय केलं की मूल गप्प होतं आणि काय केलं की खुलतं, ते लिहा. "लाजाळू आहे" वाचून मी काय करणार? फार तर त्याच्याशी मुद्दाम गोड बोलायला जाणार, आणि नेमकं तेच त्याला नको असतं. "सगळ्यांसमोर नाव घेतलेलं चालत नाही, बाकावर ठेवलेलं चालतं" हे वाचलं की मला माझं काम कळतं.

"तिला जरा बोलकं करा" असं मात्र कृपा करून लिहू नका. पुस्तक द्यायचं आणि मग "सांग बरं काय वाचलंस" असं विचारायचं, हा सौदा मुलं पहिल्या खेपेलाच ओळखतात. मग पुस्तकच नको होतं.

५. चिठ्ठी मुलाच्या हातून पाठवावी का?

मुलाला चिठ्ठीत काय आहे हे माहीत असेल आणि ते त्याला मान्य असेल तर जरूर पाठवा. नसेल तर स्वतः आणून द्या किंवा वर्गशिक्षकांकडे पाकिटात द्या. शाळेच्या डायरीत लिहू नका, ती शेजारचं मूल सहज वाचतं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच नको. माझ्या माहितीतल्या एका मुलाला वर्गात महिनाभर त्याच्या आवडत्या प्राण्याच्या नावाने हाक मारत होते. सुरुवात गटावरच्या एका निरोपातून झाली होती.

चिठ्ठी लिहिण्याआधी मुलाला वाचून दाखवा. ते एखादी दुरुस्ती सांगेल. "मला साप नाही आवडत, फक्त धामण आवडते" अशी दुरुस्ती मला एका चिठ्ठीत कंसात लिहून आली होती. सगळ्या पानात कामाचं वाक्य तेच होतं.

६. आम्हीच पुस्तकांची यादी दिली तर काम सोपं होणार नाही का?

एखादं-दुसरं नाव द्या, लांब यादी नको. शाळेचं ग्रंथालय दुकान नाही, यादीतली बहुतेक पुस्तकं आमच्याकडे नसतात. "नाही, नाही, हेही नाही" असं उत्तर मलाही द्यायला नको वाटतं आणि तुम्हालाही ऐकायला. मुलाचं वर्णन दिलंत तर आहे त्यातलं मी शोधू शकते. चिठ्ठी आल्यावर तीच मागणी नव्या खरेदीच्या यादीतही घालता येते. वर्षाची खरेदी एकदाच होत असते, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या चिठ्ठीला तेवढा जास्त वाव मिळतो.

७. मुलगी म्हणते ग्रंथालयातली प्राण्यांची सगळी पुस्तकं वाचून झाली. हे शक्य आहे का?

बहुधा तिने एक फळी संपवली आहे. बाकीच्या फळ्यांवर प्राणी आहेत हे तिला माहीत नसतं, आणि विचारायचा धीर होत नाही. लाजाळू मुलांच्या बाबतीत हे मी सगळ्यात जास्त पाहिलं आहे.

पुष्कळ ग्रंथालयांत पुस्तकं ड्यूई दशांश वर्गीकरणाने लावतात. त्यात प्राणिशास्त्र ५९० पासून सुरू होतं. कीटक ५९५ मध्ये, मासे, बेडूक, साप ५९७ मध्ये, पक्षी ५९८ मध्ये आणि सस्तन प्राणी ५९९ मध्ये येतात. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर हा आकडा असतो. पण पाळलेले प्राणी तिथे नसतात. गाय, शेळी, कोंबडी, कुत्रा, मांजर हे शेतीशेजारी ६३६ मध्ये, म्हणजे पार वेगळ्या कपाटात. वन्यजीवांचं रक्षण हा विषय ३३३ मध्ये, अर्थशास्त्राच्या पुस्तकांत. आणि मराठीतलं जंगलाविषयीचं उत्तम लेखन, म्हणजे मारुती चितमपल्ली किंवा व्यंकटेश माडगूळकर, हे मराठी साहित्य म्हणून ८९१.४६ मध्ये, कथा-कादंबऱ्यांजवळ उभं असतं. कुत्र्यावर जीव असलेलं मूल ५९९ समोर उभं राहून वाघ आणि हत्ती बघत बसतं, तर कुत्रे चार कपाटं पलीकडे असतात.

चिठ्ठीत एक ओळ घाला: "प्राण्यांची पुस्तकं आणखी कुठे कुठे आहेत ते तिला एका कागदावर लिहून द्याल का?" मी असे छोटे नकाशे काढून देते. मूल तो कागद हातात धरून कुणालाही न विचारता फिरतं.

लहान शाळांत पुस्तकं इयत्तेप्रमाणे गठ्ठ्यांत किंवा पेटीत असतात. तिथे ही भानगड नाही, पण तिसरीच्या मुलाला पाचवीच्या गठ्ठ्यातलं पुस्तक मिळावं, एवढं लिहून द्यावं लागतं.

८. गोष्टीत प्राणी मेला की मुलगा दोन दिवस जेवत नाही. हे ग्रंथपालांना कसं सांगू?

सरळ सांगा, आणि जरा बारकाईने सांगा. ‘दुःखी पुस्तकं नकोत’ एवढ्याने मला कळत नाही. काही मुलांना वाघाने हरीण मारलेलं चालतं, कारण ते त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं, पण पाळलेलं कुत्रं मेलेलं सोसत नाही. काहींना मरण चालतं, पण माणसाने दिलेला त्रास चालत नाही. यातलं तुमचं मूल कोणतं, ते एका वाक्यात लिहा.

प्राण्यांच्या गोष्टींत शेवटी प्राणी मरणं फार नेहमीचं आहे. त्यामुळे अशी चिठ्ठी आली की मी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आधी वाचते. ग्रंथपालांना तेवढा वेळ नसेल तर ते काम तुम्हीच करा. घरी आलेलं पुस्तक रात्री शेवटून चाळा आणि वाटलं तर मुलाला आधीच सांगा, "यात शेवटी गाढव मरतं, वाचायचं का?" कितीतरी मुलं हो म्हणतात. त्यांना मरणापेक्षा ते अचानक येण्याचा जास्त त्रास होतो.

घरातला प्राणी नुकताच गेला असेल तर ते चिठ्ठीत लिहाच. नमुन्यात ती ओळ त्यासाठीच ठेवली आहे.

९. मुलगा नऊ वर्षांचा आहे, पण मोठ्यांची जंगलाची पुस्तकं मागतो. ग्रंथपाल देत नाहीत.

वय बघून नाही म्हणणं मला पटत नाही. पण सरसकट हो म्हणणंही पटत नाही. चितमपल्लींच्या लेखांतली पक्ष्यांची, झाडांची वर्णनं चौथी-पाचवीचं मूल सावकाश वाचू शकतं, काही शब्द अडले तरी. माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ची गोष्ट वेगळी. पुस्तक बारीक आहे आणि वानरांवर आहे म्हणून ते लहान मुलांच्या हाती दिलं जातं. पण ती टोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्याची कादंबरी आहे आणि त्या झगड्यात रक्त सांडतं. पानांची संख्या आणि मुखपृष्ठावरचा प्राणी यांवरून वय ठरत नाही.

चिठ्ठीत असं लिहा: "हे पुस्तक आम्ही घरी त्याच्यासोबत वाचू, माझ्या नावावर द्यावं." बहुतेक ग्रंथपालांची अडचण तेवढ्याने सुटते. त्यांना जबाबदारीची काळजी असते, आणि ती तुम्ही उचललेली असते.

पुस्तक भाषेने पेलेल का, हे बघायची एक जुनी युक्ती आहे. मधलं कुठलंही पान मुलाला वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं दुमडली तर ते पुस्तक एकट्याने वाचायचं नाही, तुमच्यासोबत वाचायचं.

१०. हिला फक्त साप हवेत, दुसरं काहीच नको. हे मागायला संकोच वाटतो.

संकोच कशाला? सापांचं पुस्तक मागणाऱ्या चिठ्ठ्या मला दर वर्षी येतात. पण सापांच्या बाबतीत चिठ्ठीत एक विनंती जोडा: पुस्तक शक्यतो अलीकडचं असावं आणि त्यात छायाचित्रं असावीत. शाळांच्या कपाटांत फार जुनी पुस्तकं असतात आणि काहींत नाग दूध पितो, पुंगीवर डोलतो, सूड घेतो, असं खुशाल छापलेलं असतं. नाग दुधावर जगत नाही आणि पुंगीच्या हालचालीकडे बघून डोलतो, सुराकडे नाही. जे मूल साप बघायला झुडपाजवळ जातं, त्याच्या हाती चुकीचं पुस्तक पडणं धोक्याचं आहे. पुस्तक चांगलं की नाही हे चटकन ओळखायचं तर त्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप वेगळे ओळखता येतील अशी चित्रं आहेत का, ते पाहा. आणि चावा झाल्यावर मांत्रिक किंवा चिरा देणं न सांगता थेट रुग्णालय सांगितलं आहे का, तेही पाहा.

जुनेपणा ओळखायची आणखी एक खूण चित्त्याची. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं होतं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये सोडले गेले. पुस्तकात ‘भारतात चित्ता नाही’ एवढंच असेल तर ते त्याआधीचं आहे. त्यामुळे पुस्तक टाकाऊ होत नाही. मुलाला सांगा, कागदावर दुरुस्ती लिहून त्या पानात ठेव. अबोल मुलांना हे काम फार आवडतं, आणि मी त्या दुरुस्त्या पुस्तकातच राहू देते.

११. मूल वाचतच नाही, नुसती चित्रं बघतं. तरी मागू का?

मागा, आणि तसंच लिहा. ‘वाचनात मागे आहे’ लिहू नका, ‘चित्रांत रमतो, दोन ओळी असल्या तर वाचतो’ असं लिहा. पाऊलठशांचं पुस्तक, पक्ष्यांच्या ओळखीचं पुस्तक अशांसाठी फार चांगलं, कारण त्यात चित्रालाच काम असतं. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतली पातळ पुस्तकं पुष्कळ शाळांत आहेत, ती दाखवायला सांगा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर (storyweaver.org.in) मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत आणि त्या वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. ग्रंथपालांना छापून ठेवायला सांगता येतं, त्याला परवानगीची अडचण नाही.

अक्षरं उलटसुलट दिसणं, ओळ सुटणं असं काही तुम्हाला जाणवत असेल तर ते पुस्तकाच्या चिठ्ठीत न घालता वर्गशिक्षकांशी वेगळं बोला.

घरी मांजर, कुत्रं असेल तर त्याला मोठ्याने वाचून दाखवू द्या. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत १९९९ पासून मुलं ग्रंथालयात शिकवलेल्या कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवतात. कुत्रं चूक काढत नाही, हसत नाही. आमच्या एका दुसरीतल्या मुलाने शेळीला अख्खं पुस्तक वाचून दाखवलं. पुस्तकाचा एक कोपरा शेळीने खाल्ला, तो मी चिकटपट्टीने सांधला.

१२. शाळेत ग्रंथपालच नाहीत. चिठ्ठी कुणाला लिहू?

ज्या शिक्षकांकडे ग्रंथालयाचा कार्यभार आहे त्यांना. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत बहुधा असंच असतं, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे मुलांना बरोबर माहीत असतं. काही माध्यमिक शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ असतात, तेव्हा कोणत्या वेळी भेटतात ते विचारून घ्या. कपाटच उघडत नसेल तर मुख्याध्यापकांना लिहा. पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंही असावीत, हे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टातच आहे. भांडायच्या सुरात लिहू नका. "आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत मी येऊन कपाट उघडून बसू का?" असं विचारा. दोन शाळांत आयांनी हे केल्याचं मला माहीत आहे.

गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथे बालविभाग आहे का बघा. हीच चिठ्ठी तिथेही चालते, फक्त इयत्तेऐवजी वय लिहा. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात, त्यातही प्राणी-पक्ष्यांवर भरपूर आहे.

१३. मुलगी शाळेत एक शब्दही बोलत नाही. घरी मात्र अखंड बडबड. पुस्तकांनी सुधारेल का?

हा प्रश्न वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. लाजाळू मूल सावकाश का होईना, बोलतं. घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत महिना उलटून गेला तरी बोलतच नसेल, तर त्याला ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ असू शकतो. तो चिंतेचा विकार आहे, हट्ट नव्हे, आणि त्यावर उपचार आहेत. शाळेत घातल्यावरचा पहिला महिना यात धरत नाहीत, नव्या जागेत बरीच मुलं गप्प असतात. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या.

पुस्तकांची चिठ्ठी तरीही लिहा. तिच्याकडून उत्तर मागू नये, मान हलवणं किंवा बोट दाखवणं पुरे धरावं, हे त्यात स्पष्ट लिहा. मी अशा मुलीसमोर दोन पुस्तकं ठेवते आणि बाजूला होते. परत येते तेव्हा एक गेलेलं असतं.

१४. घरी पोपट आहे, त्यावरून हे वेड लागलं. चिठ्ठीत लिहू ना?

वेड लिहा. पण पिंजऱ्यातला पोपट आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा असेल तर तो पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, हे बऱ्याच घरांत ठाऊक नसतं. पक्ष्याला परस्पर सोडून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर तगत नाही. वनविभागाला कळवा. मुलासाठी मी अशा वेळी रानातल्या पोपटांवरचं पुस्तक काढते. ते झाडाच्या ढोलीत कसे राहतात, थव्याने कसे फिरतात, हे त्याने वाचलेलं असलं की पिंजरा रिकामा होताना त्याला निदान त्याचं कारण माहीत असतं.

१५. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर लाजाळू मूल पुन्हा ग्रंथालयाकडे फिरकत नाही. काय करावं?

त्याच दिवशी तुम्ही चिठ्ठी पाठवा, मुलाला माफी मागायला उभं करू नका. भरपाई काय ते शाळेच्या नियमाने होईल. फाटलेलं पान घरी डिंकाने चिकटवू नका, जसं आहे तसं आणून द्या.

१६. चिठ्ठीला उत्तरच आलं नाही.

पंधरा दिवस थांबा. परीक्षा, पुस्तकांची मोजणी, स्नेहसंमेलन अशा वेळी चिठ्ठ्या तळाशी जातात. ऑक्टोबरात वाचन प्रेरणा दिनाच्या गडबडीतही तेच होतं. मग दुसरी चिठ्ठी लिहा. तिच्यात तक्रार नको, बातमी द्या: "तो आता गाईंवरून बैलांवर आला आहे." अशी बातमी वाचून मी उठून कपाटापाशी जाते.

पुस्तक मिळाल्यावरही लिहा. आवडलं नाही तर तेही. प्रश्न २ मधल्या त्या पालीच्या मुलीच्या आईची तिसरी चिठ्ठी एकाच ओळीची होती: "बेडकांचं पुस्तक परत पाठवत आहे, तिला त्यातली चित्रं खोटी वाटली, पाय चुकलेत." मी पाहिलं. चित्रकाराने बेडकाच्या पुढच्या पायालाही पाच बोटं काढली होती. तिथे चारच असतात.